कोणतं शिरूर? मराठवाड्यातलं गाव नेमकं कसं नोंदवायचं

लातुरात एका ठिबक सिंचनाच्या वितरकाकडे माल रवाना करायचं काम मी बरीच वर्षं केलं. सुरुवातीच्या दिवसांत एका चलनावर मी पत्ता लिहिला होता, "शिरूर, जि. लातूर". गाव लिहिलं, जिल्हा लिहिला, मला वाटलं झालं. दुपारी ड्रायव्हरचा फोन आला. "साहेब, शिरूरला आलोय. तुमच्या शेतकऱ्याला इथं कुणी ओळखत नाही." तो शिरूर अनंतपाळला जाऊन उभा होता. शेतकरी होता शिरूर ताजबंदचा. एक शिरूर म्हणजे स्वतंत्र तालुक्याचं ठिकाण, आणि दुसरं अहमदपूर तालुक्यातलं, अहमदपूर-लातूर रस्त्यावरचं गाव. दोन्ही लातूर जिल्ह्यातच. परतीचं डिझेल आणि ड्रायव्हरची अर्धा दिवस मजुरी माझ्या पगारातून गेली नाही, हे मालकांचे उपकार.

त्या दिवशी कळलं की गाव आणि जिल्हा एवढ्यानं भागत नाही. तसं तर तालुका लिहूनही नेहमी भागत नाही. "ता. शिरूर" एवढंच लिहिलं तर महाराष्ट्रात तीन तालुके समोर येतात. एक पुणे जिल्ह्यातला, घोडनदीकाठचा. दुसरा बीड जिल्ह्यातला शिरूर कासार. तिसरा लातूरचा शिरूर अनंतपाळ. म्हणजे जिल्ह्यावाचून तालुका अर्धवट आणि तालुक्यावाचून गाव अर्धवट. गाव, तालुका, जिल्हा ही तिन्ही नावं एकत्र, आणि तीही पूर्ण लिहिली, तरच जागा एकच उरते. मराठवाड्यात नव्यानं काम करायला आलेल्यांसाठी, म्हणजे पंप बसवणारे, सर्वेक्षण करणारे, बँकेत रुजू झालेले किंवा माल पोचवणारे अशांसाठी हे लिहितोय.

आधी उतरंड समजून घ्या

मराठवाडा म्हणजे महसूल खात्याच्या भाषेत छत्रपती संभाजीनगर विभाग. त्यात आठ जिल्हे: छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव, लातूर, नांदेड, परभणी आणि हिंगोली. या आठ जिल्ह्यांत मिळून शहात्तर तालुके. वाटणी सारखी नाही. नांदेडात सोळा तालुके आहेत आणि हिंगोलीत फक्त पाच. हिंगोलीच्या माणसाला पाचही तालुक्यांचे रस्ते तोंडपाठ असतात. नांदेडच्या माणसाला किनवट आणि देगलूर एकाच जिल्ह्यात आहेत याची जाणीव बहुधा प्रवासाचा कंटाळा आल्यावरच होते.

तालुक्याच्या खाली महसूल मंडळ असतं, त्याखाली तलाठ्याचा सजा, आणि सजात एक किंवा अनेक महसुली गावं. कागदावर महसुली गावाच्या नावाआधी "मौजे" लिहिलेलं दिसेल. जिल्हा आणि तालुका यांच्या मध्ये प्रांताधिकाऱ्याचा उपविभागही असतो, पण पत्त्यात तो कुणी लिहीत नाही. इथे एक फसवी जागा आहे. केंद्राच्या आणि जनगणनेच्या याद्यांत `Sub-district` असा रकाना असतो. नवखा माणूस त्याचा अर्थ "उपविभाग" धरतो आणि प्रांताधिकारी कुठं बसतात ते भरून मोकळा होतो. महाराष्ट्रापुरतं `Sub-district` म्हणजे तालुकाच. `Tehsil` म्हणजेही तालुकाच. `Block` लिहिलं असेल तर पंचायत समिती, आणि तीही आपल्याकडे तालुक्यागणिक एक असते, त्यामुळे नाव तेच भरायचं.

मंडळ आणि सजा पत्त्यात नसले तरी विसरू नका. पाऊस मंडळाच्या पर्जन्यमापकावर मोजला जातो. चोवीस तासांत 65 मिलीमीटरच्या वर पाऊस झाला तर अतिवृष्टी, हा हिशोब मंडळाचा असतो. नुकसानभरपाईच्या कामात असाल तर शेतकरी पहिल्याच वाक्यात मंडळाचं नाव सांगेल. तेव्हा तो गावाचं नाव सांगतोय असं समजू नका. मंडळाचं नाव बहुतेकदा त्यातल्या एखाद्या मोठ्या गावाचंच असतं, म्हणून हा गोंधळ सहज होतो.

पहिलं पाऊल: तालुका आधी विचारा

"तुमचं गाव कोणतं?" हा प्रश्न मी पहिला विचारणं सोडून दिलं. पहिला प्रश्न तालुक्याचा. कारण गावाचं नाव ऐकल्यावर आपलं मन ते आधी ऐकलेल्या गावाला नेऊन चिकटवतं. "मुरुड" म्हटलं की लातूरकराला लातूर तालुक्यातलं मुरुड दिसतं आणि मुंबईहून आलेल्याला समुद्र दिसतो. त्यातून धाराशिव जिल्ह्यात उमरगा तालुक्यात मुरूम आहे, ते फोनवर ऐकताना मुरुडसारखंच वाटतं. तालुका आधी कळला की उमरगा म्हटल्याबरोबर कान मुरूम ऐकायला तयार असतो.

इथे आणखी एक सवय लक्षात घ्या. माणूस गावाबाहेर गेला की तालुक्याचं नाव स्वतःचं गाव म्हणून सांगतो. "मी केजचा" म्हणणारा केज शहरातला असेलच असं नाही. तो केज तालुक्यातल्या कोणत्याही खेड्यातला असू शकतो. म्हणून विचारायचं, "भाऊ, केज गावातच की केज तालुक्यात?" हा प्रश्न कुणाला उद्धट वाटत नाही. उलट समोरचा खुलतो आणि मग वाडीपर्यंत सगळं सांगतो.

जिथे जिल्हा आणि तालुका यांचं नाव एकच आहे तिथे लोक "ता. जि. लातूर" असं लिहितात. ती दोन वेगळी माहिती आहे, एक नाही. फॉर्मच्या दोन्ही रकान्यांत लातूर भरायचं. तालुक्याचा रकाना रिकामा सोडून पुढे गेलेले फॉर्म मी किती परत आलेले पाहिलेत, मोजले नाहीत.

तालुक्यांच्या नावातही जुळी भावंडं आहेत. आष्टी बीडमध्ये आहे आणि वर्ध्यातही. कळंब धाराशिवात आहे आणि यवतमाळमध्येही. परभणीचं सेलू आणि वर्ध्याचं सेलू. धाराशिवचा वाशी तालुका सांगितल्यावर पुण्या-मुंबईकडचा माणूस हमखास नवी मुंबईला पोचतो. नांदेडचा लोहा आणि धाराशिवचा लोहारा यांत तर एका अक्षराचं अंतर आहे. म्हणून जिल्हा कधीही गाळायचा नाही, आपण त्याच जिल्ह्यात बसून लिहीत असलो तरी.

दुसरं पाऊल: गावाचं पूर्ण नाव, शेपटासकट

मराठवाड्यात चिंचोली, पिंपळगाव, वडगाव, बोरगाव ही नावं इतक्या ठिकाणी आहेत की लोकांनीच प्रत्येकाला जोडनाव दिलंय. केज तालुक्यात चिंचोली माळी आहे, कन्नड तालुक्यात चिंचोली लिंबाजी, आणि लातूर तालुक्यात चिंचोलीराववाडी. भोकरदन तालुक्यातलं पिंपळगाव रेणुकाई हे त्याच जातीचं नाव. गावचा माणूस बोलताना नुसतं "चिंचोली" म्हणतो, कारण त्याच्या जगात चिंचोली एकच. जोडनाव आपण विचारायचं: "कोणती चिंचोली म्हणतात तिला?" असं विचारलं की उत्तर लगेच येतं. "पूर्ण नाव सांगा" म्हटलं तर तो स्वतःचं आणि वडिलांचं नाव सांगतो.

दुसरं शेपूट म्हणजे बुद्रुक आणि खुर्द. फारसीतून आलेले शब्द, बुद्रुक म्हणजे थोरलं आणि खुर्द म्हणजे धाकटं. कागदावर ते "बु." आणि "खु." होतात, इंग्रजी यादीत `Bk.` आणि `Kh.`. ही दोन गावं बहुधा शेजारी असतात, कधी मध्ये एखादा ओढा किंवा नदी. महसुली दृष्टीनं मात्र ती दोन स्वतंत्र गावं आहेत, आणि गट नंबर दोन्हीकडे एकपासून सुरू होतात. म्हणजे "बु." गाळलं तर 45 नंबरचा गट दोन ठिकाणी सापडतो आणि दोन्हींवर वेगळ्याच माणसांची नावं असतात. आज कोणतं गाव मोठं आहे त्यावरून बुद्रुक ठरवायला जाऊ नका. रस्ता आणि बाजार जिकडे गेला तिकडचं खुर्द आता थोरलं झालेलं असतं.

काही गावांच्या नावापुढे कंसात एखादं अक्षर असतं. ते कशाचं संक्षेप आहे हे गावातल्यांनाही कधी ठाऊक नसतं. ठाऊक असो नसो, सातबाऱ्यावर जसं आहे तसं उतरवून घ्यायचं. तेवढं एक अक्षरच कधीकधी त्याच तालुक्यातल्या दुसऱ्या गावापासून हे गाव वेगळं करतं.

आणि उलटसुलट नावांपासून जपा. बीड जिल्ह्यात घाटनांदूर आणि नांदूरघाट अशी दोन गावं आहेत. घाटनांदूर अंबाजोगाई तालुक्यात, तिथे रेल्वे स्टेशन आहे. नांदूरघाट केज तालुक्यात. दिवसभर फोनवर पत्ते घेतलेला माणूस संध्याकाळी कोणतं कोणतं ते विसरतो. स्टेशनांची नावंही अशीच फसवतात. "लातूर रोड" हे लातूरचा रस्ता नाही आणि लातूर तालुक्यातही नाही. ते चाकूर तालुक्यातलं जंक्शन आहे. "लातूर रोडला माल उतरवा" म्हटल्यावर आमचा एक नवा ड्रायव्हर हायवेवर गाडी लावून कुठला रोड म्हणून विचारत बसला होता.

तिसरं पाऊल: हे मौजे आहे की वाडी?

शेतकरी जे गावाचं नाव सांगतो ते सरकारी यादीत नसतं, असं पुष्कळदा होतं. तो खोटं बोलत नसतो. तो त्याच्या वस्तीचं, वाडीचं किंवा तांड्याचं नाव सांगत असतो. वाडी म्हणजे मूळ गावठाणापासून दूर शेतात वसलेली घरं. तांडा म्हणजे बंजारा समाजाची वस्ती. काही वाड्या आणि तांडे पुढे स्वतंत्र महसुली गावं झाली, त्यांचं नाव यादीत सापडतं. बाकीच्यांचं सापडत नाही. त्यांची जमीन आणि घरं एखाद्या मौजेच्या हद्दीत मोजली जातात.

ग्रामपंचायत हा तिसराच प्रकार. काही ठिकाणी एका ग्रामपंचायतीत दोन-तीन महसुली गावं असतात, तिला गट ग्रामपंचायत म्हणतात. तिचं नाव बहुधा मोठ्या गावाचं असतं. वाडीतल्या माणसाच्या आधारवर, रेशनकार्डावर आणि घरपट्टीच्या पावतीवर मग कधी वाडीचं, कधी ग्रामपंचायतीचं आणि कधी मौजेचं नाव दिसतं. तिन्ही कागद खरे आणि तिन्ही वेगळे.

यातून वाट काढायचा माझा प्रश्न ठरलेला आहे: "काका, सातबाऱ्यावर गाव कोणतं येतं?" ज्याच्याकडे जमीन आहे तो लगेच सांगतो. जमीन नसेल तर विचारायचं, "तुमचे तलाठी कोणत्या गावचे?" आणि "मतदान कुठे करता?" मतदानाच्या गावावरून ग्रामपंचायत कळते, तलाठ्यावरून सजा. दोन्ही मिळून मौजेचा अंदाज बांधता येतो, पण तो अंदाजच असतो. खात्री पुढच्या पावलावर होते.

वाडी सापडली म्हणून ती टाकून द्यायची नाही. ड्रायव्हरला मौजेचं नाव उपयोगाचं नसतं, त्याला वाडीच हवी. फॉर्मला मौजे हवं. म्हणून दोन्ही लिहायचं, पण आपापल्या जागी: आधी वाडी, मग "मौजे अमुक".

चौथं पाऊल: पोस्ट आणि पिनकोड पुरावा नाहीत

पत्त्यात "मु. पो." लिहायची पद्धत आहे, मुक्काम आणि पोस्ट. पोस्ट त्याच गावात असेल तर "मु. पो. अमुक", नसेल तर "मु. अमुक, पो. तमुक". पोस्टाचं जाळं टपालाच्या सोयीनं विणलेलं आहे, महसुली हद्दी पाहून नाही. शेजारच्या तालुक्यातलं पोस्ट गावाला जवळ पडत असेल तर तेच त्याचं पोस्ट असतं.

पिनकोडचंही तसंच. मराठवाड्यात बहुतेक ठिकाणी पिनकोड 431 किंवा 413 नं सुरू होतो. बीड जिल्ह्यातल्या आष्टीचा मात्र 414 नं सुरू होतो, आणि 414 म्हणजे अहिल्यानगरकडचे पिनकोड. मग एखाद्या वेबसाइटमध्ये पिनकोड टाकला की ती आपोआप जिल्ह्याचं नाव भरते आणि आष्टीचा शेतकरी नगर जिल्ह्यात जाऊन बसतो. पिन टाकून झाल्यावर जिल्ह्याचा रकाना डोळ्यांनी तपासायचाच, आणि चुकला असेल तर हातानं बदलायचा. 413 वरूनही जिल्हा कळत नाही, कारण लातूर, धाराशिव आणि सोलापूर तिन्हीकडे 413 नं सुरू होणारे पिनकोड आहेत.

पोलीस ठाण्याचं नाव आणि विधानसभा मतदारसंघाचं नाव यांवरूनही तालुका ठरवू नका. एका तालुक्यात दोन-तीन ठाणी असतात, मतदारसंघ तर दोन तालुके कापून जातो.

पाचवं पाऊल: यादीत सापडतंय का पहा

सर्वांत सोपी आणि सर्वांत खात्रीची चाचणी महाभूलेखवर होते. `bhulekh.mahabhumi.gov.in` उघडायचं. आधी जिल्हा निवडायचा, मग तालुका, मग गाव. तालुका निवडल्यावर फक्त त्याच तालुक्यातली महसुली गावं यादीत येतात, आणि उतरंडीची खरी परीक्षा तिथेच होते.

गाव यादीत नाही? मग तीनपैकी एक गोष्ट असते. तालुका चुकलाय, किंवा नाव वेगळ्या रूपात आहे, किंवा ती वाडी आहे, मौजे नाही. आधी नावाची वेगळी रूपं पहा. "बु." जोडून किंवा काढून पहा, ऱ्हस्व-दीर्घ बदलून पहा, शेवटचं "गाव" सोडून सुरुवातीची तीन अक्षरं शोधा. इंग्रजी याद्यांत हे जास्त त्रासाचं होतं. बीड जुन्या जनगणनेत `Bid` आहे, केज कुठे `Kaij` तर कुठे `Kej`, वसमत कुठे `Basmath` तर कुठे `Vasmat`. मग शेजारचा तालुका उघडून पहा. तिथेही नसेल तर ती वाडी आहे असं धरा आणि परत फोन लावा.

गाव सापडलं, आणि गट नंबर माहीत असेल, तर तो टाकून नाव शोधायचं. शेतकऱ्याचं किंवा त्याच्या वडिलांचं नाव आलं की गाव, तालुका, जिल्हा तिन्ही एका फटक्यात पक्कं. नाव आलं नाही तर घाई नको. जमीन अजून आजोबांच्या नावावर असते, फेरफार झालेला नसतो. अशा वेळी आडनाव जुळतंय का पहायचं.

जिल्ह्यांची नावं बदलली ती इथे आडवी येतात. सप्टेंबर 2023 मध्ये औरंगाबाद आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांची नावं अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाली. तरी कितीतरी वेबसाइटवर, नकाशांवर आणि जुन्या सॉफ्टवेअरमध्ये `Aurangabad` आणि `Osmanabad` टिकून आहेत. आपल्या वहीत नवं नाव लिहायचं, पण शोधताना दोन्ही आजमावायची. `Aurangabad` शोधताना राज्य महाराष्ट्र आहे ना, हेही बघा. त्या नावाचा जिल्हा बिहारमध्येही आहे.

जुने कागद हाताळत असाल तर आणखी मागे जावं लागतं. जालना जिल्हा 1981 मध्ये झाला, त्याआधी त्याचा बहुतेक भाग औरंगाबाद जिल्ह्यात होता. लातूर 1982 मध्ये उस्मानाबादमधून वेगळं झालं. हिंगोली 1999 मध्ये परभणीतून. उदगीरची गोष्ट तर मला फार आवडते. 1956 पूर्वी, हैदराबाद राज्य असताना, उदगीर बीदर जिल्ह्यात होतं. मग ते उस्मानाबादेत आलं आणि 1982 पासून लातुरात आहे. म्हणजे उदगीरच्या एखाद्या म्हाताऱ्यानं जन्मात घर बदललं नाही, तरी त्याच्या कागदांवर तीन जिल्हे असू शकतात. असा कागद पाहून तो चुकीचा आहे असं ठरवू नका. कागदाची तारीख पहा आणि त्या तारखेला जिल्हा कोणता होता ते जुळवा. नव्या नोंदीत आजचा जिल्हा लिहायचा, कंसात "पूर्वीचा जि. उस्मानाबाद" असं.

भूकंपग्रस्त भागात आणि धरणाच्या काठी वेगळीच भानगड असते. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर औसा तालुक्यातलं किल्लारी आणि आसपासची अनेक गावं नव्या जागी वसवली गेली. जुनं गावठाण एकीकडे, नवं दुसरीकडे, नाव तेच. त्याच भूकंपातलं सास्तूर तेव्हा उमरगा तालुक्यात होतं, आज लोहारा तालुक्यात आहे. अशा ठिकाणी "जुनं की नवं?" हा प्रश्न विचारल्याशिवाय गाडी पाठवायची नाही. कागदोपत्री सगळं बरोबर असूनही गाडी ओस पडलेल्या गावठाणात उभी राहते.

एक पत्ता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

एका शेतकऱ्याचा फोन आला होता. त्याचं नाव आणि वाडीचं नाव इथे देत नाही, आणि आकडेही बदललेत.

"नांदूरचा हाय मी. बीड जिल्हा. पाइप कधी येतंय?"

वहीत लिहिलं: बीड. मग विचारलं, "भाऊ, तालुका कोणता?"

"केज."

आता घाटनांदूर बाद झालं, कारण ते अंबाजोगाई तालुक्यात. "म्हणजे नांदूरघाट ना?"

"व्हय, नांदूरघाटच. पण गावात नाही, वाडीवर राहतो."

वाडी लिहून घेतली. "आणि पाइप टाकायचाय ते शेत कुठल्या शिवारात? सातबाऱ्यावर गाव कोणतं?"

इथे तो थांबला. मग म्हणाला, "शेत शेजारच्या गावच्या शिवारात हाय. आमच्या आईच्या माहेरचं आलंय ते."

नवखा माणूस नेमका इथेच चुकतो. घर एका मौजेत आणि शेत दुसऱ्या मौजेत, ही मराठवाड्यात रोजची गोष्ट आहे. कधीकधी तर शेत शीव ओलांडून दुसऱ्या तालुक्यात असतं. शिवार म्हणजे मौजेची सगळी जमीन, आणि शीव म्हणजे तिची हद्द. गट नंबर फक्त त्या मौजेपुरताच खरा असतो. "गट नं. 112" असं नुसतं लिहिलं तर जिल्ह्यात शेकडो ठिकाणी 112 आहे. म्हणून राहण्याचा पत्ता आणि शेताचं ठिकाण या दोन वेगळ्या नोंदी करायच्या. अनुदानाचा प्रस्ताव शेताच्या मौजेवर जातो, पत्रव्यवहार घराच्या पत्त्यावर.

मी त्याला म्हटलं, "सातबाऱ्याचा फोटो टाका व्हॉट्सॲपवर, डोक्याचा भाग दिसला पाहिजे." सातबाऱ्याच्या डोक्याशीच गाव, तालुका, जिल्हा आणि गट नंबर लिहिलेला असतो. त्याचा फोटो आला. गाव शेजारचंच होतं, तालुका केजच. महाभूलेखवर ते गाव निवडून गट टाकला, त्याच्या आईचं नाव आलं. नोंद पक्की झाली.

तरी ड्रायव्हरला ते पुरणार नव्हतं. गट नंबर घेऊन शेत सापडत नाही. `mahabhunakasha.mahabhumi.gov.in` वर जिल्हा, तालुका, गाव निवडून गटाचा नकाशा पाहता येतो, त्यानं आकार आणि शेजारचे गट कळतात. पण रस्ता कळत नाही. म्हणून शेतकऱ्याला शेतात उभं राहून मोबाइलवर लोकेशन पाठवायला सांगितलं. घरून पाठवलं तर घराचं लोकेशन येतं, हे स्पष्ट सांगावं लागतं. आलेले आकडे एकदा नजरेखालून घालायचे. मराठवाड्यात पहिला आकडा साधारण 17 ते 20 च्या घरात आणि दुसरा 74 ते 78 च्या घरात असतो. उलटे आले असतील तर कुणीतरी उतरवताना अदलाबदल केलीय. दशांशानंतर चार आकडे असले तरी पुरे, तेवढ्यानं दहा-बारा मीटरच्या आत पोचता येतं. आणि नकाशावर टाचणी पडलेली जागा केज तालुक्यातच आहे ना, ते नकाशा थोडा मागे ओढून पहायचं. नकाशात गावाचं नाव टाकून शोधलं तर तो सारख्या नावाच्या भलत्याच गावाला नेतो, म्हणून नावानं न शोधता आकड्यांनी शोधायचं.

शेवटी चलनावर जे लिहिलं ते असं होतं:

```
घर:  (वाडी), मौजे नांदूरघाट,
     ता. केज, जि. बीड
शेत: मौजे (शेजारचं गाव), गट नं. 112,
     ता. केज, जि. बीड
खूण: केजकडून येताना मारुतीच्या
     देवळापासून डावीकडची
     पाणंद, विहिरीजवळ निळी टाकी
```

खुणेची ओळ शेतकऱ्याच्या तोंडून जशी आली तशीच ठेवली होती. फक्त "डावीकडं" म्हटल्यावर "कुठून येताना डावीकडं?" एवढं विचारून घेतलं. तो म्हणाला, "केजकडून." तेही ओळीत घातलं आणि गाडी सकाळी सहाला सोडली.